चार रंगीत ठोकळ्यांची चळत: ग्राफ काढून कोडे सोडवणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोडे नेमके काय आहे?

चार ठोकळे आणि चार रंग. प्रत्येक ठोकळ्याच्या सहा बाजू याच चार रंगांपैकी कोणत्या ना कोणत्या रंगाच्या, म्हणजे काही रंग एकाच ठोकळ्यावर दोनदा-तीनदा येणारच. चारही ठोकळे एकावर एक ठेवून उभी चळत रचायची. चळतीच्या समोरच्या, मागच्या, डाव्या आणि उजव्या अशा चारही अंगांवर प्रत्येक रंग एकदाच दिसला पाहिजे. प्रत्येक ठोकळ्याची वरची आणि खालची बाजू हिशेबात धरायची नाही.

अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने 1967 साली ‘इन्स्टंट इन्सॅनिटी’ या नावाने हे कोडे बाजारात आणले आणि ते घरोघरी गेले. मूळ कल्पना मात्र बरीच जुनी आहे. रंगांऐवजी पत्त्यांची चिन्हे असलेल्या अशाच ठोकळ्यांचे पेटंट 1900 सालचे आहे. खाली दिलेली ग्राफची रीत 1947 साली केंब्रिजच्या ‘युरेका’ या गणिताच्या नियतकालिकात एफ. द कार्टब्लांश या टोपणनावाने छापून आली. म्हणजे कोड्याची लाट येण्याच्या वीस वर्षे आधीच त्याची किल्ली छापलेली होती.

ठोकळे फिरवत राहिलो तर कधीतरी जमेलच ना?

जमेल, पण भरवशाचे नाही. एक ठोकळा 24 प्रकारे ठेवता येतो, त्यामुळे चार ठोकळ्यांच्या 24 × 24 × 24 × 24 म्हणजे 3,31,776 मांडण्या होतात. अख्खी चळत फिरवली किंवा उलटी केली तरी मांडणी तीच राहते. अशा एकसारख्या आठ-आठ मांडण्या एकत्र धरल्या तर 41,472 उरतात. खाली सोडवलेल्या संचात त्यातल्या फक्त 2 बरोबर आहेत.

हाताने करताना खरा त्रास वेगळाच होतो. तीन ठोकळे सहज जुळतात आणि चौथा अडतो. मग माणूस चौथाच ठोकळा गरागरा फिरवत बसतो, आणि चूक असते पहिल्या किंवा दुसऱ्यात.

ग्राफमध्ये नेमके काय काढायचे?

कागदावर चार बिंदू काढा, प्रत्येक रंगासाठी एक. ठोकळ्याच्या दोन बाजू *समोरासमोर* असतील तर त्यांच्या रंगांचे बिंदू रेघेने जोडा आणि रेघेवर ठोकळ्याचा क्रमांक लिहा. प्रत्येक ठोकळ्यात समोरासमोरच्या तीन जोड्या असतात, म्हणून एकूण रेघा बारा: 1 क्रमांकाच्या तीन, 2 च्या तीन, 3 च्या तीन आणि 4 च्या तीन. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या असतील तर रेघ त्याच बिंदूवरून निघून वळसा घेऊन तिथेच परत येते. तिला आपण लूप म्हणू.

बिंदू चौकोनाच्या कोपऱ्यांवर आणि ऐसपैस काढा. एकाच दोन बिंदूंमध्ये तीन-तीन रेघा येतात, आणि क्रमांक एकमेकांवर चढले की पुढचे सगळे चुकते.

शेजारच्या बाजूंचे काय? त्या नोंदवायच्याच नाहीत?

नाहीत. ही रीत चालते तीच यामुळे. ठोकळ्याची एक जोडी समोर-मागे धरली की त्याच अक्षावर ठोकळा पाव फेरा फिरवून उरलेल्या दोन जोड्यांपैकी हवी ती डावी-उजवीकडे आणता येते. अर्धा फेरा फिरवला तर डावी-उजवी अदलाबदल होते आणि समोर-मागे जिथल्या तिथे राहते. त्या फिरण्यात वरची-खालचीही उलटते, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. त्यामुळे ‘हे रंग घड्याळाच्या दिशेने कसे येतात’ हा प्रश्नच उद्भवत नाही. कोणत्या जोड्या समोरासमोर आहेत एवढे कळले की पुरे.

या पानावर कोणता संच सोडवला आहे?

हा आम्ही मुद्दाम रचलेला संच आहे, बाजारातला नाही. यात लूप आहेत, एक फसवा सापळा आहे आणि चारही अंगांवर दिसणारे उत्तर एकच आहे. समोरासमोरच्या जोड्या अशा:

ठोकळा 1: लाल–हिरवा, लाल–निळा, लाल–पिवळा
ठोकळा 2: हिरवा–निळा, पिवळा–पिवळा, लाल–हिरवा
ठोकळा 3: निळा–पिवळा, लाल–हिरवा, लाल–लाल
ठोकळा 4: लाल–पिवळा, निळा–हिरवा, हिरवा–हिरवा

ग्राफ काढल्यावर लाल आणि हिरव्यामध्ये तीन रेघा येतील (क्रमांक 1, 2, 3) आणि तीन लूप असतील: पिवळ्यावर 2 चा, लालवर 3 चा, हिरव्यावर 4 चा. तुमच्या कागदावर असे दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, आधी रेघा तपासा.

आता ग्राफमध्ये शोधायचे काय?

चार रेघांचा एक गट शोधायचा. त्याला आपण चौकडी म्हणू. चौकडीला दोन अटी आहेत. 1, 2, 3, 4 यांपैकी प्रत्येक क्रमांकाची एकच रेघ तिच्यात असावी. आणि प्रत्येक बिंदूला रेघांची बरोबर दोन टोके टेकावीत. लूपची दोन्ही टोके एकाच बिंदूला टेकतात, म्हणून तो एकटाच त्या बिंदूचा कोटा भरून काढतो.

अशा दोन चौकड्या हव्यात आणि त्यांच्यात एकही रेघ सामाईक नसावी. एका चौकडीवरून समोर-मागे ठरते, दुसरीवरून डावे-उजवे.

बिंदूला दोनच टोके का?

चळत जुळली आहे असे समजा. समोरच्या अंगावर लाल एकदा आहे, मागच्या अंगावर एकदा. म्हणजे चार ठोकळ्यांच्या समोर-मागे जोड्यांमध्ये मिळून लाल दोनदा आला. हेच प्रत्येक रंगाचे. समोर-मागे जोड्या म्हणजेच चार रेघा, त्यामुळे प्रत्येक बिंदूला दोन टोके आलीच पाहिजेत.

उलट बाजूनेही हे खरे आहे. प्रत्येक बिंदूला दोनच टोके असतील तर त्या रेघा एका किंवा अनेक बंद फेऱ्यांत मोडतात. प्रत्येक फेरीवर एकाच दिशेने बाण काढले की प्रत्येक बिंदूतून एक बाण निघतो आणि एक बाण येऊन पोहोचतो. बाण जिथून निघतो तो रंग समोर, जिथे पोहोचतो तो मागे. समोरच्या अंगावर चारही रंग एकेकदा आले, मागच्याही.

या संचात चौकड्या हाताने कशा शोधायच्या?

प्रत्येक ठोकळ्याची तीनपैकी एक रेघ घ्यायची, म्हणजे 3 × 3 × 3 × 3 = 81 शक्यता. सगळ्या तपासायची गरज पडत नाही. आधी बाद होणाऱ्या रेघा काढून टाकू.

ठोकळा 1 च्या तिन्ही जोड्यांत लाल आहे. म्हणजे कोणतीही चौकडी घेतली तरी लालचे एक टोक 1 क्रमांकाकडून आलेलेच असते आणि जागा एकाच टोकाची उरते. ठोकळा 3 चा लाल–लाल लूप घेतला तर लाल तीनदा होतो. तो लूप बाद. त्यामुळे ठोकळा 3 चे काम ठरून गेले: एका चौकडीत निळा–पिवळा, दुसरीत लाल–हिरवा.

आता ठोकळा 4 चा हिरवा–हिरवा लूप पाहू. तो घेतला तर बाकी तिघांकडून हिरवा येता कामा नये. मग ठोकळा 2 चा पिवळा–पिवळा आणि ठोकळा 3 चा निळा–पिवळा एवढेच उरते, आणि पिवळा तीनदा होतो. हाही लूप बाद. म्हणजे ठोकळा 4 च्या लाल–पिवळा आणि निळा–हिरवा या दोन्ही रेघा लागणार.

ज्या चौकडीत ठोकळा 3 चा लाल–हिरवा आहे ती घ्या. लाल 1 कडून एकदा आणि 3 कडून एकदा, कोटा संपला. म्हणून ठोकळा 4 चा लाल–पिवळा इथे बसत नाही, निळा–हिरवाच घ्यावा लागतो. आता हिरवाही दोनदा झाला. ठोकळा 2 कडून लालही नको आणि हिरवाही नको, म्हणजे उरला पिवळा–पिवळा लूप. निळ्याचे एक टोक बाकी आहे, ते 1 चा लाल–निळा भरतो. पहिली चौकडी तयार: 1 लाल–निळा, 2 पिवळा–पिवळा, 3 लाल–हिरवा, 4 निळा–हिरवा.

दुसऱ्या चौकडीत 3 चा निळा–पिवळा आणि 4 चा लाल–पिवळा. पिवळा पूर्ण झाला, लाल 1 आणि 4 मिळून पूर्ण. ठोकळा 2 कडून पिवळाही चालत नाही आणि लालही, म्हणून हिरवा–निळा. शेवटी 1 चा लाल–हिरवा. फेरी बंद झाली: लाल–हिरवा–निळा–पिवळा–लाल.

वाटेत कुठेही ‘हे करून बघू’ असे म्हणावे लागले नाही. सगळेच संच इतके सरळ नसतात. जिथे दोन वाटा फुटतात तिथे एक धरून पुढे जायचे आणि एखादा रंग तीनदा झाला की त्या फाट्यावर परत यायचे.

आता प्रत्यक्ष ठोकळे कसे ठेवायचे?

दुसऱ्या चौकडीवर बाण काढा: लाल → हिरवा (1), हिरवा → निळा (2), निळा → पिवळा (3), पिवळा → लाल (4). बाण जिथून निघतो तो रंग आपल्याकडे. ठोकळा 1 लाल आपल्याकडे आणि हिरवा मागे, ठोकळा 2 हिरवा आपल्याकडे आणि निळा मागे, ठोकळा 3 निळा आपल्याकडे आणि पिवळा मागे, ठोकळा 4 पिवळा आपल्याकडे आणि लाल मागे. चारही टेबलावर असे ठेवा, अजून रचू नका.

मग पहिल्या चौकडीवर बाण: लाल → निळा (1), निळा → हिरवा (4), हिरवा → लाल (3), आणि पिवळ्याचा लूप (2). इथे बाण निघतो तो रंग डावीकडे. समोरची बाजू समोरच ठेवून ठोकळा फक्त बाजूंना लोळवा:

ठोकळा 1: डावीकडे लाल, उजवीकडे निळा
ठोकळा 2: दोन्हीकडे पिवळा
ठोकळा 3: डावीकडे हिरवा, उजवीकडे लाल
ठोकळा 4: डावीकडे निळा, उजवीकडे हिरवा

आता उचलून रचा. कोणता वर, कोणता खाली याने काही बिघडत नाही. अंगे तपासा. समोर लाल, हिरवा, निळा, पिवळा. मागे हिरवा, निळा, पिवळा, लाल. डावीकडे लाल, पिवळा, हिरवा, निळा. उजवीकडे निळा, पिवळा, लाल, हिरवा.

ठोकळा 2 च्या दोन्ही बाजूंना पिवळाच असल्यामुळे तो अर्धा फेरा लोळवला तरी बाहेरून काही बदलत नाही, आत दडलेले लाल आणि हिरवा तेवढे वरखाली होतात. वर म्हटलेल्या 2 बरोबर मांडण्या त्या याच.

चौकडी बरोबर वाटते, तरी चळत जुळत नाही. चूक कुठे असते?

बहुतेक वेळा पुढच्या तीनपैकी एका ठिकाणी.

पहिली चूक क्रमांकाची. डोळ्याला सुंदर चौकोन दिसतो, पण त्यात एकच ठोकळा दोनदा आलेला असतो. आपल्या ग्राफमध्ये लाल–हिरवा (1), हिरवा–निळा (2), निळा–पिवळा (3), पिवळा–लाल (1) असा चौकोन आहे. आकार निर्दोष, पण ठोकळा 1 दोनदा आणि ठोकळा 4 गायब. शेवटची बाजू 4 ची घेतली की हीच आपली दुसरी चौकडी होते. फरक फक्त एका आकड्याचा, म्हणून क्रमांक ठळक लिहा.

दुसरी, सामाईक रेघेची. या संचात तिसरीही एक चौकडी आहे: 1 लाल–पिवळा, 2 लाल–हिरवा, 3 निळा–पिवळा, 4 निळा–हिरवा. दोन्ही अटी ती पाळते. पण ती एका चौकडीशी 3 चा निळा–पिवळा वाटून घेते आणि दुसरीशी 4 चा निळा–हिरवा. ठोकळ्याची एकच जोडी समोर-मागेही आणि डावी-उजवीही असू शकत नाही, त्यामुळे तिला जोडीदार मिळत नाही. जो पहिल्यांदा हिच्यावर जातो आणि हिलाच धरून बसतो, त्याला कोडे अशक्य वाटू लागते. एका चौकडीला जोडीदार सापडला नाही तर ती सोडून दुसरी शोधावी.

तिसरी, बाणांची. फेरीतला एक बाण उलटा निघाला की एकाच अंगावर एक रंग दोनदा येतो आणि त्याच्या पाठच्या अंगावर तो येतच नाही. दोष असा आरपार समोरासमोरच्या दोन अंगांवर दिसला आणि उरलेली दोन अंगे ठीक असली, तर चौकडी बदलू नका, बाण तपासा.

लूप असलेली रेघ टाकून द्यावी का?

सरसकट नाही. वरच्या संचात तीन लूप आहेत. दोन बाद झाले, पण पिवळ्याच्या लूपशिवाय उत्तरच नाही. लूप घेतला की त्या रंगाची बाकी सगळी टोके त्या चौकडीपुरती बंद होतात, त्यामुळे लूपपासून सुरुवात केली तर तो चालतो की नाही हे चटकन कळते.

सुरुवातीलाच कळेल अशी एखादी युक्ती आहे का?

रंग मोजा. चार अंगांवर प्रत्येक रंग एकेकदा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या किमान चार बाजू हव्यात. आपल्या संचात लाल 8, हिरव्या 7, पिवळ्या 5 आणि निळ्या 4. निळ्याला एकही बाजू लपवायची चैन नाही. म्हणून निळा असलेली प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या चौकडीत आलीच पाहिजे. तुमच्या संचात एखादा रंग बरोबर चारदा असेल तर तिथूनच सुरुवात करावी. तीनदाच असेल तर पुढचे कष्ट वाचले.

प्रत्येक रंग चार किंवा जास्त वेळा आहे, तरी उत्तर नाही असे होऊ शकते?

होऊ शकते. याच संचात ठोकळा 4 वरचा एक निळा आणि एक पिवळा स्टिकर अदलाबदल करा, म्हणजे जोड्या लाल–निळा, हिरवा–पिवळा, हिरवा–हिरवा अशा होतील. एकूण रंगसंख्या तीच राहते. पण आता चौकडी एकच सापडते: 1 लाल–निळा, 2 लाल–हिरवा, 3 निळा–पिवळा, 4 हिरवा–पिवळा. दुसरी चौकडीच नाही, म्हणून उत्तर नाही. जुने स्टिकर निघून कोणीतरी अंदाजाने परत चिकटवलेले संच अडतात ते याच कारणाने. अशा वेळी आधी चौकड्या मोजाव्यात.

हा संच घरी कसा करायचा?

एकाच मापाचे चार लाकडी ठोकळे घ्या, अडीच सेंटीमीटरचे हाताला बरे पडतात. ठोकळा टेबलावर ठेवून भोवतालच्या चार बाजू क्रमाने चिकटवा, मग वरची आणि खालची. पट्टीतली पहिली आणि तिसरी बाजू समोरासमोर येतात, दुसरी आणि चौथी समोरासमोर.

ठोकळा 1: पट्टी लाल, लाल, पिवळा, हिरवा, वर लाल, खाली निळा
ठोकळा 2: पट्टी पिवळा, लाल, पिवळा, हिरवा, वर हिरवा, खाली निळा
ठोकळा 3: पट्टी लाल, निळा, लाल, पिवळा, वर लाल, खाली हिरवा
ठोकळा 4: पट्टी हिरवा, लाल, हिरवा, पिवळा, वर निळा, खाली हिरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पट्टीत शेजारी आलेले रंग समोरासमोरचे समजून ग्राफ काढला जातो. ठोकळा दोन बोटांच्या चिमटीत धरा. दोन बोटांखाली आलेले रंग म्हणजे एक रेघ.

स्वतः रचलेल्या संचाला उत्तर किती, हे संगणकावर तपासता येईल का?

येईल. पायथॉनमध्ये एवढे पुरते. अक्षरे R लाल, G हिरवा, B निळा, Y पिवळा.

```python
from itertools import product
from collections import Counter
C = [["RG","RB","RY"], ["GB","YY","RG"],
     ["BY","RG","RR"], ["RY","GB","GG"]]
ok = []
for p in product(range(3), repeat=4):
    n = Counter("".join(C[i][p[i]] for i in range(4)))
    if all(n[c] == 2 for c in "RGBY"):
        ok.append(p)
print(ok)
for a in ok:
    for b in ok:
        if a < b and all(x != y for x, y in zip(a, b)):
            print(a, b)
```

पहिल्या ओळीत सगळ्या चौकड्या छापल्या जातात आणि त्याखाली जोडीने चालणाऱ्या. मोजणी शून्यापासून असल्याने `(0, 0, 0, 0)` म्हणजे प्रत्येक ठोकळ्याची यादीतली पहिली जोडी. वरच्या संचासाठी तीन चौकड्या आणि एकच जोडी येते. रंगांच्या दृष्टीने वेगळे असे एकच उत्तर हवे असेल तर खालच्या भागात एकच ओळ आली पाहिजे. मात्र एखाद्या चौकडीत लूप सोडून दोन वेगळ्या फेऱ्या असतील, तर त्यांतली एकच उलटी फिरवूनही चळत जुळते. तेव्हा ओळ एक असली तरी दिसणाऱ्या मांडण्या एकाहून जास्त निघतात.

पाच ठोकळे आणि पाच रंग असतील तर?

रीत तीच: पाच बिंदू, पंधरा रेघा, चौकडीच्या जागी पाच रेघांचा गट. शक्यता 81 वरून 243 होतात आणि दर ठोकळ्यागणिक तिप्पट होत जातात. सहा-सात ठोकळ्यांपर्यंत कागद-पेन्सिल चालते. त्यापुढे रेघा एकमेकींत इतक्या गुंततात की ग्राफ काढण्याऐवजी प्रत्येक रंगाच्या टोकांची तक्ता मांडून मोजणी करणे बरे पडते.